चोवीस मिलिमीटरांचा धडा

तपासणीच्या खुर्चीत बसलेला रुग्ण सांगतो, “मला लांबचा नंबर आहे.” ऑप्टोमेट्रीच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आदल्या रात्री काढलेले टिपण मनात आठवते. तिच्या पानावर दोन खण आहेत, एकावर ‘निकटदृष्टिता’ आणि दुसऱ्यावर ‘दूरदृष्टिता’. लांबचा म्हणजे दूरचा, असे म्हणून ती दुसऱ्या खणाकडे वळते आणि तिथेच फसते. लांबचा नंबर असलेल्या माणसाला लांबचे दिसत नाही, जवळचे मात्र चष्म्याशिवाय दिसते. म्हणजे तो पहिल्या खणातला. शास्त्राने नाव ठेवले ते जे दिसते त्यावरून, लोकांनी ठेवले ते ज्यासाठी चष्मा लागतो त्यावरून. दोन्ही नावे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण टिपणात फक्त एकच उतरले होते.

‘बुबुळ’ या शब्दाचेही तसेच. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तो शब्द बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यासाठी, म्हणजे आयरिससाठी येतो. पण ‘बुबुळ बसवले’ असे लोक म्हणतात तेव्हा शस्त्रक्रिया झालेली असते ती त्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवर, कॉर्नियावर. मराठी बोलणाऱ्या रुग्णांमध्ये वावरायचे असेल तर आकृतीतल्या या दोन नावांशेजारी लोकांचा शब्दही हवा. छापील पुस्तकातली आकृती जशीच्या तशी उतरवून ही सोय होत नाही.

नेत्रवैद्यकाचे ग्रंथ मुळात लिहिलेले असतात वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी. ए. के. खुराणा यांचे ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह ऑप्थॅल्मॉलॉजी’ उघडले, की डोळ्याच्या रचनेसोबत गर्भात डोळा कसा घडतो, रक्तपुरवठा कुठून येतो, कोणती नस कुठे जाते हे सगळे ओघाने येते. पुढे जाऊन शस्त्रक्रिया करणाऱ्याला ते हवेच. ऑप्टोमेट्रीच्या विद्यार्थ्याला मात्र आधी हे कळायला हवे, की समोरच्या तक्त्यावरचे अक्षर पुसट का दिसते आणि कोणती काच लावली की ते स्पष्ट होते. त्यासाठी रचना आणि दृष्टिदोष एकमेकांना लागून असावे लागतात. ग्रंथात त्यांच्यामध्ये पुष्कळ पाने असतात, म्हणून टिपणातही त्यांच्या दोन वेगळ्या वह्या होतात. एका वहीत ‘कॉर्निया, जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त’ असे वाक्य असते आणि दुसऱ्या वहीत ‘निकटदृष्टितेत प्रतिमा पडद्याच्या पुढे पडते’ असे. दोन्ही वाक्ये पाठ होतात, पण पहिल्याचा दुसऱ्याशी काय संबंध, हे कुठेच लिहिलेले नसते. मोठे प्रकरण छोटे करताना सगळ्यात आधी गळतात ते हे संबंध आणि मागे उरतात नुसती नावे.

यावर एक साधा उपाय आहे. प्रकरणाचा क्रम बाजूला ठेवायचा आणि प्रकाशाच्या वाटेने पुढून मागे चालायचे. वाटेत जे लागेल त्याचे नाव, एक माप आणि एक काम लिहायचे. जे वाटेत लागत नाही ते दुसऱ्या पानावर जाईल.

सुरुवात आकृतीपासून. पुस्तकातली नेहमीची आकृती म्हणजे उजव्या डोळ्याचा आडवा छेद, वरून पाहिलेला. पानावर कॉर्निया डावीकडे ठेवला तर दृष्टिचेता, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, उजवीकडे मध्यापासून थोडी खाली बाहेर पडताना दिसते. इथे हमखास चूक होते. विद्यार्थी त्या ‘खाली’ला डोळ्याचा खालचा भाग समजतात. छेद आडवा आहे, त्यामुळे पानावरची खालची बाजू म्हणजे नाकाची बाजू आणि वरची बाजू म्हणजे कानशिलाची. आकृतीच्या कडेला ‘नाक’ आणि ‘कानशील’ हे दोन शब्द लिहिले नाहीत, तर बाकीच्या सगळ्या लेबलांना दिशा राहत नाही. ते लिहिले की एक गोष्ट आपोआप उलगडते. चेतातंतू जिथे डोळ्याबाहेर पडतात तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. ती जागा नाकाच्या बाजूला आहे. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, म्हणून बाहेरच्या जगात आपला अंधबिंदू कानशिलाच्या बाजूला येतो. उजवा डोळा उघडा ठेवून, डावा झाकून, कागदावरच्या एका फुलीकडे टक लावली आणि तिच्या उजवीकडे काढलेला ठिपका जवळ-लांब करत राहिले, तर एका अंतरावर तो नाहीसा होतो. आकृतीतली दिशा बरोबर आहे की नाही, याचा पडताळा असा स्वतःच्या डोळ्यावरच घेता येतो.

आता पहिले लेबल, कॉर्निया. मराठीत पारपटल. याच्या पाच थरांची नावे परीक्षेत विचारली जातात आणि ती पाठ करावीच लागतात. पण टिपणात त्यांच्या आधी यायला हवा तो आकडा ४३. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर धरली, तर त्यातले सुमारे ४३ एकट्या कॉर्नियाचे असतात. शाळेपासून ‘डोळ्यातले भिंग प्रतिमा तयार करते’ असे ऐकलेल्या मुलांना हे खोटे वाटते. कारण मात्र सोपे आहे. प्रकाश किती वळणार हे दोन माध्यमांतल्या फरकावर ठरते. कॉर्नियाच्या पुढे हवा आहे, तिचा अपवर्तनांक १. कॉर्नियाचा सुमारे १.३८. हा फरक मोठा आहे. भिंगाच्या पुढे आणि मागे पाण्यासारखेच द्रव आहेत, त्यांच्यात आणि भिंगात फरक थोडा, म्हणून भिंग आकाराने जास्त फुगीर असूनही त्याच्या वाट्याला कमी ताकद येते. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की सगळे धूसर का दिसते, याचे उत्तर याच लेबलात आहे. हवेची जागा पाण्याने घेतली, की कॉर्नियाची बहुतेक ताकद जाते.

कॉर्नियाच्या मागे येतात दोन कोष्ठ, आणि इथे लेबलांचा सर्वात मोठा गोंधळ होतो. कॉर्निया आणि आयरिस यांच्यामधली जागा म्हणजे अग्रकोष्ठ, मध्यभागी साधारण ३ मिलिमीटर खोल. आयरिसच्या मागे आणि भिंगाच्या पुढे जी अरुंद कड्यासारखी फट उरते, ती पश्चकोष्ठ. दोन्हींत तेच पातळ पाणी असते. ते सिलिअरी बॉडीत तयार होते, पश्चकोष्ठातून बाहुलीवाटे पुढे येते आणि अग्रकोष्ठाच्या कोपऱ्यातून निचरून जाते. विद्यार्थी मात्र पश्चकोष्ठाचा बाण भिंगाच्या मागच्या भल्यामोठ्या पोकळीत नेऊन टेकवतात. ‘पश्च’ म्हणजे मागचे आणि मागे दिसते ती मोठी पोकळी, अशी ती समजूत. त्या पोकळीत जेलीसारखे व्हिट्रिअस असते आणि ती पश्चकोष्ठ नव्हे. पुस्तकांत ‘अग्रखंड’ आणि ‘पश्चखंड’ असे आणखी दोन शब्द येतात, त्यामुळे गुंता वाढतो. यावर रेघ-बाणाऐवजी रंग कामाला येतो. जागेचे नाव लिहायचे असेल तर ती जागाच फिकट रंगाने भरावी, कारण बाणाचे टोक एका बिंदूला टेकते आणि जागेची हद्द दाखवत नाही. अग्रकोष्ठ आणि पश्चकोष्ठ एकाच रंगात भरले, की त्यांच्यातले पाणी एकच आहे हे वेगळे लिहावे लागत नाही.

भिंगाच्या लेबलाला बाण एक आणि वाक्य एक, पण ते वाक्य नीट हवे. जवळचे पाहताना सिलिअरी स्नायू आकुंचन पावतो, भिंगाला धरून ठेवणारे धागे सैल होतात आणि भिंग स्वतःच्या लवचिकतेने फुगते. टिपणांत हे वाक्य बहुधा उलटे असते, ‘स्नायू आवळतो म्हणून धागे ताणले जातात’ असे. स्नायूचे कडे आवळले की त्याचे वेढे आतल्या बाजूला सरकतात आणि धाग्यांची दोन टोके जवळ येतात, हे हाताने काढून पाहिल्याशिवाय पटत नाही. म्हणून या एका लेबलाशेजारी दोन छोटी चित्रे हवीत, लांबचे पाहतानाचे आणि जवळचे पाहतानाचे.

शेवटी पडदा, रेटिना. त्याचे दहा थर दुसऱ्या पानावर जाऊ द्यावेत. या पानावर त्याचे माप एकच, कॉर्नियापासूनचे अंतर. मोठ्या माणसाच्या डोळ्याची पुढून मागे लांबी साधारण २४ मिलिमीटर असते. प्रकाशाला इतक्याच अंतरात एका बिंदूवर यायचे असते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. डोळ्याचे असे संक्षिप्तीकरण शास्त्रज्ञांनीही केले आहे. डोळ्यातल्या प्रकाशाच्या वाटेवरच्या कामासाठी १९११ सालचे नोबेल मिळवणारे स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ आल्वार गुलस्ट्रान्ड यांनी सहा वक्र पृष्ठभाग असलेला हिशेबी डोळा मांडला. त्याहून सोपा ‘रिड्यूस्ड आय’ आज ऑप्टोमेट्रीचे विद्यार्थी शिकतात. त्यात कॉर्निया, भिंग, पाणी हे सगळे मिळून एकच वक्र पृष्ठभाग मानतात. त्याची ताकद ६० डायॉप्टर, आतल्या माध्यमाचा अपवर्तनांक चार तृतीयांश, म्हणजे १.३३३. मग पडदा किती अंतरावर हवा? १३३३ भागिले ६०, म्हणजे २२.२२ मिलिमीटर. खऱ्या डोळ्याचे २४ आणि हिशेबी डोळ्याचे २२.२२ हे दोन आकडे एकाच पानावर आले, तर कुठला कशाचा ते लिहावेच लागते. नाहीतर परीक्षेत एकाच्या जागी दुसरा येतो.

या सोप्या डोळ्यावर दृष्टिदोष एका भागाकारात समजतो. पडदा १ मिलिमीटर मागे ढकलला, २३.२२ वर. आता १३३३ भागिले २३.२२ केले, की ५७.४ येते. इतकी ताकद पुरेशी होती, पण डोळ्याकडे आहे ६०. म्हणजे अडीचपेक्षा थोडी जास्त ताकद फाजील झाली, प्रतिमा पडद्याच्या पुढे पडली आणि सुमारे २.६ डायॉप्टरचा वजा नंबर आला. पडदा तितकाच पुढे आणला तर सुमारे २.८ डायॉप्टरची अधिक काच लागेल. पुस्तकांत ‘१ मिलिमीटरला ३ डायॉप्टर’ असा जो ठोकताळा छापलेला असतो, तो इथून येतो. शिक्षकाने सांगितला म्हणून लिहिलेला ठोकताळा आठवड्याभरात विसरतो. हा भागाकार एकदा हाताने केला, की तो परत काढता येतो. कॉर्नियाच्या वक्रतेचेही असेच. तिची त्रिज्या साधारण ७.८ मिलिमीटर असते. त्यात १ मिलिमीटर फरक पडला, तर नंबर सुमारे ६ डायॉप्टरने हलतो. निकटदृष्टिता म्हणजे डोळा लांब किंवा कॉर्निया जास्त वक्र, दूरदृष्टिता म्हणजे डोळा आखूड किंवा कॉर्निया कमी वक्र, हे दोन्ही दोष आता त्याच आकृतीवर लिहिता येतात. पडद्यापाशी एक बाण पुढे, एक मागे, आणि कॉर्नियापाशी एक टिपण.

तिसऱ्या दोषाला मात्र जागा जास्त द्यावी लागते. अस्टिग्मॅटिझम, मराठीत दृष्टिवैषम्य, लोकांच्या भाषेत ‘सिलिंडरचा नंबर’. इथे नुसती व्याख्या लिहून भागत नाही. एक चिठ्ठी घेऊन ती शेवटपर्यंत सोडवलेली बरी.

समजा एका तरुणाच्या उजव्या डोळ्याची चिठ्ठी आहे: −१.०० / −१.५० × १८०. केरॅटोमीटरवर कॉर्नियाची ताकद आडव्या दिशेत ४३.०० आणि उभ्या दिशेत ४४.५० भरली. दोन दिशांच्या त्रिज्यांत फरक फक्त पाव मिलिमीटरच्या आसपास आहे, पण तोच दीड डायॉप्टरचा ठरला. आता पहिली अडचण. चिठ्ठीत ‘१८०’ लिहिले आहे, मग दीडची ताकद आडव्या दिशेत आहे का? नाही. १८० हा सिलिंडरचा अक्ष आहे आणि सिलिंडर काचेच्या अक्षाच्या दिशेत ताकद नसते. ती असते त्याला काटकोनात, म्हणजे इथे उभ्या, ९० अंशांच्या दिशेत. लाटणे समोर आडवे धरले तर त्याच्या लांबीच्या दिशेत वाक नसतो, वाक असतो तो वरून खाली. अधिक सिलिंडर हा लाटण्याचाच तुकडा, वजा सिलिंडर हा लाटणे ओल्या मातीत दाबल्यावर उमटणारा खोलगा. टिपणात चिठ्ठीशेजारी अधिकचिन्हासारख्या दोन रेघा काढाव्यात. आडव्या रेघेवर लिहावे −१.००, उभीवर दोन्हींची बेरीज −२.५०. ताकद जिथे जास्त होती, त्या उभ्या दिशेलाच जास्त वजा काच लागली. केरॅटोमीटरचा आकडा आणि चिठ्ठी एकमेकांची साक्ष देतात. या उदाहरणात त्या तंतोतंत जुळल्या. प्रत्यक्षात भिंगाचाही थोडा वाटा असतो, म्हणून अनेकदा जुळणी जवळपासच असते.

भिंगाच्या या वाट्याचा पुरावा १८०१ साली इंग्लंडच्या टॉमस यंग यांनी स्वतःच्या डोळ्यावर घेतला. त्यांनी डोळ्यासमोर पाणी धरून कॉर्नियाची ताकद जवळपास नाहीशी केली. दोष तरीही राहिला, म्हणजे तो कॉर्नियात नव्हता. विहिरीतल्या बुडीचे उदाहरण आणि यंग यांचा प्रयोग मुळात एकच आहे. असा दोष घालवणारी सिलिंडर काच स्वतःसाठी पहिल्यांदा करून घेतली ती खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी, १८२५च्या सुमारास.

पुन्हा चिठ्ठीकडे. दोन्ही दिशांत वजा नंबर आहे, म्हणजे दोन्ही दिशांच्या किरणांचा जमाव पडद्याच्या पुढेच होतो. याला संयुक्त निकटदृष्टी दृष्टिवैषम्य म्हणतात. हे लांबलचक नाव पाठ करण्याऐवजी चिठ्ठीतला पहिला आकडा बदलून पाहावा. −१.०० च्या जागी शून्य ठेवले, तर आडव्या दिशेत काही नको आणि उभ्या दिशेत −१.५०. एक जमाव नेमका पडद्यावर, दुसरा पुढे, म्हणजे साधा प्रकार. त्याच जागी +०.५० ठेवले, तर आडव्या दिशेत +०.५० आणि उभ्या दिशेत −१.००. एक पडद्यामागे, एक पुढे, म्हणजे मिश्र. तीन नावे, एक चिठ्ठी, बदल फक्त एका आकड्याचा.

उत्तर बरोबर आहे का, हे रुग्णाच्या बोलण्यावरूनही कळते. घड्याळाच्या तबकडीसारख्या रेघांच्या तक्त्याकडे पाहताना, लांबचा पुसटपणा काचेने कमी केला, की या तरुणाला बारा ते सहाची उभी रेघ सगळ्यांत ठळक दिसायला हवी. आडव्या दिशेचे किरण पडद्याच्या जवळ जमतात आणि ते जमल्यावर उभी रेघ बनते. ठळक रेघेच्या दोन आकड्यांपैकी लहान आकडा, म्हणजे ६, त्याला ३० ने गुणले की १८०. वजा सिलिंडरचा अक्ष मिळाला. तरुण उलट तीन ते नऊची आडवी रेघ ठळक म्हणाला, तर चिठ्ठी लिहिताना ९० आणि १८० यांची अदलाबदल झाली असण्याची शंका घ्यावी.

पानाचा एक कोपरा ‘चाळिशी’साठी राखून ठेवावा, मात्र वेगळ्या चौकटीत. वाढत्या वयात भिंगाची लवचिकता कमी होत जाते. डोळ्याची लांबी किंवा कॉर्नियाची वक्रता बिघडलेली नसते. म्हणून चाळिशी वरच्या तीन दोषांच्या रांगेत बसत नाही. रुग्ण मात्र “जवळचा नंबर लागला” एवढेच सांगतो. तो नंबर चाळिशीचा की दूरदृष्टितेचा, हे वय विचारून आणि लांबचा तक्ता वाचायला लावूनच ठरते. तरुण वयात थोडी दूरदृष्टिता भिंग फुगवून झाकता येते. तक्ता व्यवस्थित वाचणारा मुलगा संध्याकाळी डोके दुखते म्हणतो, ते त्या झाकण्याच्या श्रमामुळे असू शकते. म्हणून ‘सगळा तक्ता वाचला म्हणजे नंबर नाही’ हे वाक्य टिपणात येऊ देऊ नये.

याच चौकटीत एक शेवटचे उदाहरण मावते. पन्नाशीच्या एक बाई वर्षानुवर्षे −२.५० चा चष्मा लावतात. वर्तमानपत्र वाचताना त्या तो काढून ठेवतात, आणि शेजारच्या बायका म्हणतात, “हिला अजून चाळिशी लागली नाही.” आकृतीवर पाहिले तर त्यांचे भिंगही सैलावलेलेच आहे, बाकीच्यांइतकेच. पण १०० भागिले २.५० म्हणजे ४० सेंटिमीटर. चष्म्याशिवाय, भिंग जराही न फुगवता, त्यांच्या डोळ्याला स्पष्ट दिसणारी सर्वांत लांबची जागा नेमकी तिथे आहे, आणि वर्तमानपत्र आपण साधारण तेवढ्याच अंतरावर धरतो. चष्मा चढवून त्या वाचायला बसल्या, की कागद हाताच्या लांबीपर्यंत सरकवावा लागतो.